फोनवरून मंजुरी दिली, तरी तिकीट Requested वरच: प्रवासात असं का होतं आणि लॅपटॉपसाठी काय ठेवावं

तक्रार नेहमी एकाच वाक्यात येते: "मी फोनवरून कधीच अप्रूव्ह केलंय, तुमच्याकडे दिसत कसं नाही?" तिकीट उघडावं तर मंजुरी देणाऱ्याच्या नावापुढे Requested तसंच. काम करणारी टीम ठरलेल्या वेळेची वाट बघतेय, मंजुरी देणारा पुढच्या गाडीत नाहीतर विमानात. गंमत अशी की दोघंही खरं बोलत असतात. फोनवरून उत्तर खरंच गेलेलं असतं आणि सिस्टिमला मंजुरी खरंच मिळालेली नसते.

हे लिहितोय ते ServiceNow डोळ्यांसमोर ठेवून, म्हणजे कंपन्यांमधली आयटीची कामं आणि तक्रारी तिकिटांवर हाताळणारं साधन, कारण माझा रोजचा संबंध त्याच्याशी. दुसऱ्या साधनांत नावं वेगळी असतील, पण मेलवरून मंजुरी घेणाऱ्या बहुतेक व्यवस्थांचं दुखणं याच जागी असतं. तुमच्या संस्थेनं मूळ मांडणी बदललेली असू शकते, तेव्हा खाली "मूळ मांडणीत" असं म्हटलंय तिथे अ‍ॅडमिनला एकदा विचारून घ्या.

मंजुरी तिकिटात नसते

गोंधळाचं मूळ इथे आहे. आपण म्हणतो "चेंज अप्रूव्ह केला", पण चेंजचं, म्हणजे यंत्रणेत करायच्या ठरलेल्या बदलाचं, तिकीट हे एक रेकॉर्ड आणि तुमची मंजुरी हे दुसरंच रेकॉर्ड. एका चेंजला चार जणांची मंजुरी हवी असेल तर त्या तिकिटाला जोडलेली चार छोटी रेकॉर्ड्स `sysapproval_approver` या टेबलात तयार होतात. प्रत्येकाची स्थिती वेगळी: कुणाची Requested, कुणाची Approved. CHG नं सुरू होणारा नंबर चेंजला असतो, या छोट्या रेकॉर्डला तसा नंबर नसतो.

मग मेलनं आलेलं उत्तर नेमकं कुणाच्या मंजुरीचं, हे सिस्टिम कसं ओळखते? तुम्हाला आलेल्या मेलच्या तळाशी `Ref:MSG` नं सुरू होणारी एक ओळ असते. तिला वॉटरमार्क म्हणतात. ती ओळ उत्तरात परत आली की सिस्टिम थेट तुमच्या त्या छोट्या रेकॉर्डपाशी पोहोचते. तिथे पोहोचल्यावर मूळ मांडणीत आणखी दोन गोष्टी पाहिल्या जातात. विषयाच्या ओळीत `approve` किंवा `reject` हा शब्द आहे का, आणि मेल पाठवणारा पत्ता त्या मंजुरीच्या मालकाचा किंवा त्यानं नेमलेल्या प्रतिनिधीचा आहे का. या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच स्थिती बदलते.

मेलमधली "मंजूर करण्यासाठी इथे टिचकी द्या" अशी जी लिंक असते ती बहुधा वेबपेज उघडत नाही, नवा मेल उघडते. त्यात सगळं आधीच भरलेलं असतं, साधारण असं:

```
Subject: Re:CHG0031207 - approve

Ref:MSG0048213
```

तुम्ही फक्त Send दाबायचं. एका टिचकीत थेट मंजुरी नोंदवणारी लिंक का देत नाहीत, असं पुष्कळ जण विचारतात. कारण असं की अनेक कंपन्यांच्या मेल-सुरक्षा यंत्रणा आलेल्या मेलमधल्या लिंका तपासण्यासाठी स्वतःच उघडून बघतात. लिंक उघडताच मंजुरी नोंदली जाणार असेल तर ती यंत्रणाच तुमच्या नावानं चेंज मंजूर करून मोकळी होईल.

एकाच चेंजमध्ये तिन्ही घोटाळे

आता एक प्रसंग पायरी-पायरीनं बघू. नंबर बनवलेले आहेत, पण यातला प्रत्येक घोटाळा वेगवेगळ्या तिकिटांवर मी सोडवलेला आहे. इथे एकाच तिकिटात आणून ठेवलेत.

CHG0031207: फायरवॉलवरचे काही जुने नियम काढून नवे टाकायचे. काम शनिवारी रात्री 22:00 ते 02:00. मंजुरी हवी नेटवर्कप्रमुखांची, आणि शुक्रवारी सकाळपासून त्या प्रवासात.

शुक्रवारी दुपारी त्यांनी मेल वाचला, फोनवर Reply दाबलं, "Approved, go ahead" लिहिलं आणि पाठवलं. माणसाला यात काहीच खोट दिसणार नाही. पण साध्या Reply मुळे विषयाची ओळ मूळ मेलचीच राहिली, आणि ती होती `Re: Change Request CHG0031207 Approval Request`. यात `Approval` आहे, `approve` नाही. शब्द शोधणाऱ्या स्क्रिप्टला a-p-p-r-o-v-e अशी सलग अक्षरं हवीत. Approval मध्ये v नंतर थेट a येतो. मजकुरात लिहिलेलं Approved मूळ मांडणीत बघितलंच जात नाही. शिवाय फोनच्या मेल अ‍ॅपनं उत्तरात जुना मजकूर घेतला नव्हता, त्यामुळे तळाची `Ref:MSG` ओळही गळाली. सिस्टिमच्या हाती उरला विषयातला CHG नंबर. त्यावरून तिनं उत्तर चेंजच्या तिकिटात टिप्पणी म्हणून चिकटवलं.

हे लक्षण ओळखून ठेवण्यासारखं आहे: तिकिटाच्या नोंदींमध्ये तुमचं "Approved" दिसतंय, पण मंजुरीच्या यादीत स्थिती Requested. म्हणजे मेल पोहोचला, पण चुकीच्या रेकॉर्डवर. नेटवर्क, रोमिंग, मेलचा उशीर यांच्यामागे लागू नका. ते सगळं ठीक आहे.

टीमनं कळवल्यावर त्यांनी दुसऱ्यांदा लिंक वापरली. या वेळी विषय बरोबर, वॉटरमार्क बरोबर. तरीही Requested. कामाचा मेल त्या एका अ‍ॅपमध्ये वाचत होत्या, पण लिंक उघडली फोनच्या ठरलेल्या मेल अ‍ॅपमध्ये, आणि तिथे पहिलं खातं होतं वैयक्तिक. मेल गेला वैयक्तिक पत्त्यावरून. सिस्टिमच्या दृष्टीनं हा कुणीतरी अनोळखी माणूस दुसऱ्याची मंजुरी देऊ पाहतोय, तेव्हा तिनं तो बाजूला ठेवला. तसं करणं योग्यच होतं.

याचं लक्षण उलटं: तिकिटात काहीच दिसत नाही, पण तुमच्या Sent मध्ये मेल आहे. तो Sent फोल्डर कोणत्या खात्याचा, ते आधी बघा. निम्म्याहून जास्त वेळा उत्तर तिथेच सापडतं. कुणी मंजुरीचा मेल सहकाऱ्याला फॉरवर्ड करून "तू दाबून टाक" म्हटलं की नेमकं हेच होतं: लिंक बरोबर, पाठवणारा चुकीचा.

तिसरा घोटाळा शनिवारी सकाळी. दरम्यान चेंजच्या मालकानं वेळ बदलून रविवार केली. आखणी बदलली म्हणून आधीच्या मंजुरीच्या विनंत्या रद्द झाल्या आणि नव्या पाठवल्या गेल्या. फोनच्या मेल अ‍ॅपनं एकाच विषयाचे सगळे मेल एका गठ्ठ्यात दाखवले. नेटवर्कप्रमुखांनी, आता कामाच्या खात्यातून आणि लिंक वापरूनच, पण गठ्ठ्यातल्या शुक्रवारच्या मेलवरून मंजुरी दिली. त्या मेलचा वॉटरमार्क रद्द झालेल्या रेकॉर्डचा. नवं रेकॉर्ड Requested च राहिलं.

ओळखायचं कसं? मंजुरीच्या यादीत तुमचं नाव दोनदा दिसतं, एक Cancelled किंवा No Longer Required, दुसरं Requested. मेल एकदा निघाला की तो गोठलेला असतो. त्यानंतर तिकिटात काय बदललं याची त्याला खबर नसते. म्हणून गठ्ठ्यातला सगळ्यात नवा मेल घ्यायचा. चेंज दोनदा-तीनदा हलला असेल तर मेल सोडून थेट अ‍ॅपमध्ये जायचं.

No Longer Required एकटंच दिसलं, तर मात्र घाबरायचं कारण नाही. गटाकडून कुणा एकाचीच मंजुरी पुरेशी असेल आणि दुसऱ्या कुणी ती आधी दिली असेल, तर बाकीच्यांच्या विनंत्या आपोआप या स्थितीत जातात.

कारण हाती लागत नसेल तर

वरच्या तीनपैकी कुठलंच लक्षण जुळत नसेल तर अ‍ॅडमिनकडे जा, पण मोघम तक्रार घेऊन जाऊ नका. "मेल केला होता" एवढ्यावर कुणी काही शोधू शकत नाही. मेल कोणत्या पत्त्यावरून गेला, साधारण किती वाजता आणि कोणत्या टाइम झोनच्या, आणि विषयाची ओळ अक्षरशः काय होती, एवढं द्या. आलेल्या प्रत्येक मेलची नोंद सिस्टिममध्ये राहते. अ‍ॅडमिन ती उघडून मेल कोणत्या रेकॉर्डला जोडला गेला ते Target या रकान्यात बघतो. Target मध्ये चेंज दिसला तर पहिला घोटाळा, मंजुरीचं रेकॉर्ड दिसूनही बदल झाला नसेल तर पाठवणारा किंवा विषय चुकलाय. मेलची नोंदच नसेल तर तो तुमच्या फोनच्या Outbox मध्ये तरी आहे किंवा वाटेत स्पॅम म्हणून अडलाय.

Outbox ची गोष्ट विमानप्रवासात हमखास होते. नेटवर्क नसताना Send दाबलं की फोन "पाठवलं" असा आव आणतो, आणि मेल खरा निघतो उतरल्यावर, कामाची वेळ होऊन गेल्यावर.

फोनवरून करायचंच, तर या वाटेनं

माझं स्पष्ट मत: मेलवरून मंजुरी हा दुसरा पर्याय, पहिला पर्याय अ‍ॅप. ServiceNow च्या Now Mobile या अ‍ॅपमध्ये तुमच्या नावावर बाकी असलेल्या मंजुऱ्या एकत्र दिसतात, आणि तिथे दिलेली मंजुरी थेट योग्य रेकॉर्डवर बसते. वॉटरमार्क, विषय, पाठवणारा हे तिन्ही प्रश्न निकालात निघतात, कारण तुम्ही आधीच स्वतःच्या नावानं लॉगिन केलेलं असतं. रद्द झालेली विनंती बाकीच्या यादीत येत नाही, त्यामुळे जुन्या मेलचा सापळाही टळतो.

अडचण येते ती लॉगिनची. प्रवासात सेशन संपतं, पुन्हा लॉगिन करायला कोड लागतो, आणि एसएमएसनं येणारा कोड रोमिंगमध्ये येतो किंवा येत नाही. ऑथेंटिकेटर अ‍ॅपमधला दर 30 सेकंदांनी बदलणारा कोड त्यापेक्षा भरवशाचा, कारण तो बनवायला नेटवर्क लागतच नाही. फोनमधली गुप्त किल्ली आणि घड्याळ एवढ्यावर तो बनतो. मात्र घड्याळ बरोबर हवं. दुसऱ्या टाइम झोनमध्ये गेल्यावर कुणी टाइम झोन न बदलता हातानं काटे पुढे-मागे केले, तर फोनवरची वेळ दिसायला बरोबर असते पण आतला हिशेब चुकतो आणि प्रत्येक कोड नाकारला जातो. तारीख-वेळ आपोआप घेण्याची सेटिंग चालू ठेवली की हा त्रास नाही. साइट फक्त व्हीपीएनमधूनच उघडत असेल तर फोनवर व्हीपीएन निघण्याआधीच चालवून बघा, आणि ते ऑफिसचं वायफाय बंद करून, मोबाइल डेटावर. ऑफिसच्या वायफायवर सगळंच चालतं.

मेलनंच करायचं असेल तर लिंकच वापरा, Reply नको. Send दाबण्याआधी From या ओळीवर नजर टाका. जीमेलमध्ये तिथेच टिचकी देऊन खातं बदलता येतं. आयफोनवर ठरलेलं मेल अ‍ॅप iOS 14 पासून बदलता येतं, ते कामाच्या मेलचं करून ठेवलं तर दुसरा घोटाळा कायमचा मिटतो. मजकुरात काही लिहायचं असेल तर `Ref:MSG` च्या ओळीला हात न लावता तिच्या वर लिहा.

आणि दोन-चार मिनिटांनी स्थिती बघा. मेल गेला याचा अर्थ मंजुरी बसली असा होत नाही. अ‍ॅप उघडत नसेल तर टीममधल्या कुणाला "माझ्या नावापुढे Approved दिसतंय का?" असं विचारा. "मेल मिळाला का?" असं विचारू नका, मेल त्यांना मिळालेलाच असेल.

प्रतिनिधी नेमणं

लांबच्या प्रवासासाठी खरा उपाय हाच, आणि तो सगळ्यांत कमी वापरला जातो. तुमच्या प्रोफाइलमध्ये Delegates ही यादी असते. तिथे माणूस निवडायचा, सुरुवात आणि शेवटाची तारीख-वेळ द्यायची आणि Approvals या खुणेवर टिक करायची. त्या काळात तुमच्या मंजुऱ्या त्यालाही देता येतात.

यात लोक तीन ठिकाणी अडकतात. Approvals ची टिक राहून जाते आणि फक्त सूचना मिळण्याची टिक असते. मग प्रतिनिधीला मेल येतात, पण त्याची मंजुरी घेतली जात नाही. सुरुवातीची वेळ विमान सुटण्याची दिलेली असते, आणि त्याआधी निघालेले मेल प्रतिनिधीला कधीच पोहोचत नाहीत. त्याला आधीच्या विनंत्यांसाठी यादीत जाऊन बघायला सांगा. तिसरी गोष्ट तांत्रिक नाही: ज्याच्या हाताखाली चेंज होणार आहे त्यालाच प्रतिनिधी केलं जातं, कारण तोच विषय जाणतो. म्हणजे स्वतःचं काम तो तुमच्या नावानं स्वतःच मंजूर करणार. ऑडिटमध्ये यावर नक्की बोट ठेवलं जातं.

तिकीट अपडेट करताना

मंजुरीपेक्षा अपडेट सोपं वाटतं, पण इथली चूक परत घेता येत नाही. तिकिटात लिहिण्याच्या दोन जागा असतात. Work notes फक्त आतल्या लोकांना दिसतात. Additional comments ज्यानं तिकीट टाकलं त्याला दिसतात, आणि बहुधा लगेच त्याला मेलही जातो. Jira Service Management मध्ये हीच जोडी Add internal note आणि Reply to customer या नावानं असते. मोठ्या पडद्यावर दोन्ही जागा वेगळ्या दिसतात. फोनवर बऱ्याचदा एकच चौकट आणि तिच्याजवळ बारीकसं बटण. "युजरनं स्वतःच सेटिंग बिघडवलंय, पुन्हा समजावावं लागेल" हे वाक्य युजरलाच गेलेलं मी पाहिलंय. फोनवरून लिहिताना माझा नियम सरळ आहे: लिहायचं ते युजरनं वाचलं तरी चालेल असंच लिहायचं. मग बटण कुठलंही दाबलं गेलं तरी बिघडत नाही.

मेलला उत्तर देऊन तिकीट अपडेट केलं तर तो मजकूर मूळ मांडणीत टिप्पणी म्हणून जातो, म्हणजे युजरला दिसतो. मेलमधून आतली गोष्ट लिहायला जाऊच नये. उत्तराखाली तुमचं सह्यांचं लांबलचक शेपूट आणि फोन नंबरही तिकिटात जातो, तेही लक्षात असू द्या.

छोटी अपडेट मात्र फोनवरून खुशाल करावीत. "विक्रेत्याशी बोलणं झालं, सुटा भाग उद्या येतोय" अशी ओळ, तिकीट तुमच्याच टीममधल्या ठाऊक असलेल्या माणसाकडे देणं, On Hold मध्ये ठेवून कारण निवडणं, बिघडलेल्या उपकरणाचा फोटो जोडणं. फोटोसाठी तर फोन लॅपटॉपपेक्षा सरस. फक्त चौकटीत पासवर्ड लिहिलेली चिठ्ठी किंवा दुसऱ्या कुणाचा पडदा येत नाही ना, ते जोडण्याआधी मोठं करून पाहा.

नेटवर्क तुटक असेल तर तोच बदल दोनदा पाठवू नका. पहिला बदल पोहोचून फक्त पोच परत आलेली नसते, असं सर्रास घडतं. आधी तिकीट ताजं करा, मग ठरवा.

लॅपटॉपसाठी काय ठेवायचं

एक कसोटी मी वापरतो: निर्णयासाठी एकाच वेळी दोन गोष्टी शेजारी ठेवून बघाव्या लागतात का? लागत असतील तर ते काम फोनचं नाही.

CHG0031207 चंच बघा. नेटवर्कप्रमुखांनी मंजुरी तीनदा दिली, पण फायरवॉलच्या नियमांची जोडलेली फाइल त्यांनी एकदाही उघडली नव्हती. मेलमध्ये चेंजचं नाव, वेळ आणि थोडं वर्णन होतं. कोणते नियम निघणार आणि कोणते येणार, हे स्प्रेडशीटमध्ये. फोनवर ती उघडते, पण एका वेळी दोन-तीन रकाने दिसतात. जुना नियम आणि नवा नियम शेजारी दिसत नाहीत. परत फिरण्याची योजना, म्हणजे काम फसलं तर पूर्ववत कसं करायचं, ती चेंजच्या फॉर्मवर वेगळ्या टॅबमध्ये. हे वाचल्याशिवाय दिलेली मंजुरी नोंदली गेली काय आणि न गेली काय, तिच्यात अर्थ नाही. इथे योग्य उत्तर होतं प्रतिनिधी, किंवा लॅपटॉप उघडता येईल तोवर थांबणं. नेहमीच्या, ठरलेल्या साच्यातल्या चेंजची गोष्ट निराळी. तिथे बघण्यासारखं फारसं नसतं आणि फोन पुरतो.

वेळेचं गणितही लॅपटॉपवर करावं. चेंजच्या फॉर्मवर त्याच वेळी दुसरा चेंज, बंदीचा काळ किंवा देखभालीची ठरलेली वेळ आडवी येतेय का हे Conflicts मध्ये दिसतं. मेलमध्ये ते येत नाही. त्यात प्रवासात टाइम झोन बदललेला. 22:00 हे तुम्ही उभे आहात तिथले, की सर्व्हर आहे तिथले, की प्रोफाइलमध्ये नोंदलेले? टीमनं वर्णनातच `22:00 UTC+05:30` असं लिहायची सवय ठेवली तर मंजुरी देणाऱ्याला अंदाज बांधावा लागत नाही.

नकार देणं हे मंजुरीइतकंच सोपं बटण आहे, पण परिणाम मोठा. मूळ मांडणीतल्या सामान्य चेंजमध्ये एकानं नाकारलं की चेंज परत New मध्ये जातो, बाकीच्यांच्या मंजुऱ्या पुन्हा मागाव्या लागतात. फोनवर Approve आणि Reject एकमेकांना खेटून असतात. शंका असेल तर नाकारू नका; तिकिटात प्रश्न लिहा आणि मंजुरी तशीच राहू द्या. Requested राहिल्यानं फार तर काम लांबतं.

तिकीट Resolved करणंही मी लॅपटॉपवर ढकलतो. Resolution code आणि Resolution notes भरावे लागतात, आणि फोनवर यादीतला पहिला कोड निवडून "fixed" लिहिण्याचा मोह आवरत नाही. युजरला मेल लगेच जातो. पुढच्या वेळी तोच बिघाड शोधणाऱ्याला त्या "fixed" चा काडीचा उपयोग नसतो.

प्राधान्य बदलणं तसंच. ते Impact आणि Urgency मिळून ठरतं, आणि बदललं की एसएलएचं, म्हणजे काम किती वेळात व्हायला हवं या ठरलेल्या मुदतीचं, घड्याळही बदलू शकतं; वरच्या प्राधान्याला गेलं तर अपरात्री कुणाकुणाचे फोन वाजतात. आधी तिकिटाचा इतिहास वाचायला हवा, आणि लांब इतिहास फोनवर कुणी शेवटपर्यंत वाचत नाही. एकदम अनेक तिकिटं बदलायची असतील तर फोनचा विचारच नको.

शेवटी अ‍ॅडमिनसाठी. फॉर्मवरचे काही नियम फक्त मोठ्या पडद्यासाठी लिहिलेले असतात. क्लायंट स्क्रिप्टला UI Type हा रकाना असतो आणि तो Desktop वर राहिला तर ती स्क्रिप्ट मोबाइलवर चालत नाही. "लॅपटॉपवर हा रकाना भरल्याशिवाय सेव्ह होत नाही, फोनवरून मात्र रिकामा गेला" अशी तक्रार आली की आधी तिथे बघा. सक्ती खरंच हवी असेल तर ती सर्व्हरच्या बाजूला, डेटा पॉलिसीत ठेवा. आणि मंजुरीच्या मेलच्या वरच्या भागात ठळक अक्षरांत एक ओळ टाका: "Reply करू नका, खालची लिंक वापरा, From तपासा." आमच्याकडे ती ओळ आल्यापासून पहिल्या प्रकारच्या तक्रारी जवळजवळ थांबल्या, वैयक्तिक खात्याच्या अजून येतात.